पावसाळ्यात काडी का पेटत नाही? (आगपेटी, लायटर आणि आग लागण्याचा तो क्षण)

परसातली_जास्वंद

आमच्याकडे सावंतवाडीजवळ गेले अकरा दिवस पाऊस उघडलेला नाही. सकाळी देवाजवळ समई लावायला काडी ओढली तर गूल मेणासारखं पसरलं आणि पेटीच्या कडेवर तांबडा-तपकिरी डाग उमटला. दुसरी काडी, तिसरी काडी, तेच. मग आईने नेहमीचा उपाय केला. पेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. दोन दिवसांनी काढली. काड्या हाताला खडखडीत कोरड्या लागत होत्या, तरी आठातली एक पेटली. म्हणजे ओल गेली, पण पेटणं परत आलं नाही.

माझा प्रश्न असा आहे की बिघडतं नेमकं काय? काडी की पेटीची कड? आणि घासल्यावर आग येते ती घर्षणाची, की गुलात काही असतं त्याची? घरात एक गॅसचा छोटा लायटरही आहे, तो पावसात बिनतक्रार चालतो. त्यात आणि काडीत फरक काय, तेही कुणी नीट सांगाल का? आता पुढच्या काड्या तव्यावर जरा शेकवून बघणार आहे.

विदर्भपुत्र

सोपं आहे ताई. काडीच्या गुलात फॉस्फरस असतो. तो अगदी कमी उष्णतेवर पेटतो, म्हणून नुसतं घासलं तरी आग लागते. ओल लागली की फॉस्फरस निकामी होतो. नवी पेटी घ्या, दोन रुपयांत येते.

ठाणेकर_काका

जास्वंद, आधी एक काम करा. तवा खाली उतरवा. काडीचं गूल साधारण दीडशे ते दोनशे अंशांच्या मधे कुठेतरी स्वतःहून पेट घेतं, आणि तापलेला तवा तिथे सहज पोचतो. एक पेटली की शेजारच्या सगळ्या पेटतात. पन्नास काड्यांचा भडका चेहऱ्यासमोर होईल.

विदर्भपुत्र, तुमचं म्हणणं शंभर वर्षांपूर्वीच्या काडीला लागू पडलं असतं. आजच्या घरगुती काडीच्या गुलात फॉस्फरस अजिबात नसतो. तो असतो पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत. गुलात मुख्य माल म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, जवळजवळ अर्धा भाग. त्याच्याबरोबर गंधक, बारीक काचेची पूड, थोडे रंग आणि भर घालणारे पदार्थ, आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. पट्टीत तांबडा फॉस्फरस, पुन्हा काचेची पूड आणि चिकटवणारा पदार्थ. म्हणजे अर्धी आग काडीवर आणि अर्धी पेटीवर. दोन्ही एकत्र येईपर्यंत काही होत नाही, म्हणून तर खिशात घालून फिरता येतं.

माझे वडील अंबरनाथच्या विम्कोत, म्हणजे काडेपेटीच्या कारखान्यात होते. लहानपणी मी त्यांना हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा त्यांनी रात्री दिवे घालवून एक काडी पट्टीवर अगदी हलक्या हाताने, पेटणार नाही इतकी सावकाश घासून दाखवली. पट्टीवर बारीक ठिणग्या तडतडल्या आणि विझल्या. काडी तशीच राहिली. "बघ, पहिली आग पट्टीला लागते," ते म्हणाले. मला रसायनशास्त्र तिथूनच लागलं.

विदर्भपुत्र

पण काका, सिनेमात काडी बुटाच्या तळव्यावर, भिंतीवर ओढून पेटवतात ना? तिथे कुठली पट्टी?

ठाणेकर_काका

ती काडी वेगळी. तिच्या टोकाला फॉस्फरस आणि गंधकाचं एक संयुग असतं, म्हणजे आपली पट्टीच तिने डोक्यावर घेतलेली असते. तिला कुठलाही खरखरीत पृष्ठभाग चालतो. म्हणून तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, फक्त आपल्या पेटीबद्दल नाही.

आता घर्षणाबद्दल. काडी ओढली की काचेचे कण काचेच्या कणांवर घासतात. सगळी पट्टी तापत नाही, फक्त टोचणाऱ्या टोकांवर क्षणभर भरपूर उष्णता होते. तेवढ्याने पट्टीवरचा तांबड्या फॉस्फरसचा एखादा कण उखडतो, त्यातला थोडा पांढऱ्या फॉस्फरसमध्ये बदलतो, आणि पांढरा फॉस्फरस हवेत आपल्या कोकणातल्या उन्हाळ्याच्या तापमानालाही पेट घेऊ शकतो. हा पेटता कण गुलाला चिकटतो. तिथे त्याला क्लोरेट भेटतं. क्लोरेट तापलं की ऑक्सिजन सोडतं आणि गंधक त्या ऑक्सिजनात जळतं. काडी पेटताना पहिल्या क्षणी जो "फर्रर्र" आवाज येतो आणि ज्वाला पांढरी दिसते, ती ही जोडी. गुलाला तेव्हा बाहेरच्या हवेची गरजच नसते, आपला ऑक्सिजन त्याच्याजवळ असतो. नाकात जातो तो उग्र वास जळत्या गंधकाचा.

हे सगळं सेकंदभरात संपतं. तेवढ्या वेळात आग लाकडात उतरली पाहिजे. म्हणून काडीचं वरचं टोक मेणात बुडवलेलं असतं. गुलाच्या उष्णतेने मेणाची वाफ होते, वाफ पेटते, मग लाकूड. काडी पेटली की आपण नकळत ती थोडी खाली झुकवतो, ते याचसाठी. ज्वाला वर चढते आणि पुढचं लाकूड आधीच तापवून ठेवते. आणि काडी फुंकल्यावर निखारा धुमसत राहत नाही, कारण लाकडाला अमोनियम फॉस्फेटचं पाणी पाजलेलं असतं. साध्या शिरईच्या काडीशी तुलना करून बघा, ती विझवल्यावर किती वेळ लाल राहते.

चकलीचा_सोऱ्या

आमचाही लायटर पावसाळ्यात छळतो. कट्टकट्ट वाजतो पण ओट्यावरचा बर्नर पेटत नाही. गेल्या वर्षी दोन बदलले. त्यात गॅस कुठून भरायचा? खाली भोक दिसत नाही.

घड्याळजी_सोलापूर

सोऱ्या, तुम्ही स्वयंपाकाच्या लायटरबद्दल बोलताय, धागा गॅसभरल्या लायटरबद्दल आहे. तुमच्या लायटरमध्ये गॅस नसतोच, फक्त ठिणगी असते. आत एक स्प्रिंग आणि छोटा हातोडा असतो. तुम्ही दाबलं की तो एका खास सिरॅमिकच्या दांडीवर आपटतो, आणि त्या धक्क्याने दांडीत काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो. तो टोकाच्या फटीतून उडी मारतो, तीच निळी ठिणगी.

पावसात छळतो कारण टोकाच्या नळीत फोडणीचा तेलकट थर बसलेला असतो आणि त्यावर ओल धरते. मग वीज फटीतून उडी मारायच्या ऐवजी त्या ओलसर थरावरून गुपचूप निघून जाते. आवाज येतो, ठिणगी येत नाही. अंधारात टोकाकडे बघत एकदा दाबा, कळेल. सुक्या फडक्याने टोक आतून पुसा, घासून वाळवा. बदलायची गरज दहात नऊ वेळा नसते.

चकलीचा_सोऱ्या

पुसला. कापसाच्या बोळ्यावर काळं तेल आलं. चालू झाला!! दोन लायटर उगाच टाकले.

स्वीडनची_सई

काकांनी शंभर वर्षांपूर्वीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मी इथे योन्शोपिंगच्या काडेपेटी संग्रहालयात जाऊन आले आहे, १८४८ साली बांधलेली जुनी कारखान्याची इमारत आहे ती. पहिल्या घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने १८२७ मध्ये विकल्या, त्यात फॉस्फरस नव्हताच. नंतर पांढरा फॉस्फरस आला. काडी झकास पेटू लागली, पण कारखान्यातल्या कामगारांचे जबडे कुजू लागले. बहुतेक बायका आणि मुलं होती ती. १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी संप केला, तेव्हाही हा आजार तिथे होता.

फॉस्फरस तांबडा घ्यायचा आणि तो काडीवरून उचलून पेटीवर न्यायचा, ही कल्पना स्वीडनच्या गुस्ताफ पाश यांची, पेटंट १८४४ चं. लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती कारखान्यात आणली. पांढरा मात्र स्वस्त आणि जोरदार होता, म्हणून तो लगेच गेला नाही. १९०६ च्या बर्न करारानंतर एकेक देशाने त्यावर बंदी घातली. संग्रहालयात त्या मुलींच्या वयाचे आकडे वाचताना मला पुढे चालवेना.

परसातली_जास्वंद

सई, हे माहीत नव्हतं. रोज हातात घेते ती पेटी आता वेगळी दिसेल.

काका, तवा उतरवला. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. वाळवूनही काडी का पेटली नाही?

ठाणेकर_काका

बरोबर, तिकडेच येतोय. ओल दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करते.

काडीच्या गुलातला सरस ओल पितो आणि मऊ पडतो. तुम्ही म्हणालात ना, गूल मेणासारखं पसरलं, ते हे. मऊ गुलाला घर्षणच मिळत नाही, काचेचे कण टोचण्याऐवजी आत दबतात. पण क्लोरेट आणि गंधक त्याने बिघडत नाहीत. गूल ओघळलं नसेल, तडकलं नसेल, तर वाळल्यावर ते पुष्कळदा पूर्ववत होतं.

पट्टीचं तसं नाही. दमट हवेत तांबडा फॉस्फरस हळूहळू हवेशी संयोग पावतो आणि त्याचं आम्ल तयार होतं. हे आम्ल स्वतःच पाणी ओढून घेतं. म्हणजे पट्टी एकदा बिघडू लागली की ती हवेतून आणखी ओल खेचत बसते. बोट लावून बघा, वाळवलेल्या पेटीची पट्टी किंचित चिकट लागते का. तसं असेल तर तांदूळ काय, ऊन काय, ती परत येणार नाही. जेवढा फॉस्फरस आम्ल झाला तेवढा गेला.

कोण दोषी ते घरी ठरवता येईल. एक नवी कोरडी पेटी आणा आणि अदलाबदल करा. जुनी काडी नव्या पट्टीवर, नवी काडी जुन्या पट्टीवर. प्रत्येकी दहा ओढा, म्हणजे एखाद्या वाईट काडीने निकाल फिरणार नाही. फक्त गूल खरवडून पट्टीच्या पुडीत मिसळायचा प्रयोग कुणीही करू नका. हे दोन्ही कोरडे एकत्र आले की नुसत्या खरवडण्याने स्फोट होतो. लहानपणी असले फटाके करताना बोटं गमावलेला एक मुलगा आमच्या वाडीत होता.

विदर्भपुत्र

काका, एक सांगतो. माझा मोठा मामा हीच घरातली साधी काडी खिडकीच्या काचेवर एका झटक्यात लांब ओढून पेटवायचा. काचेवर फॉस्फरस नाही. मग?

ठाणेकर_काका

मामा खोटं करत नव्हते. गुळगुळीत काचेवर जोरात आणि लांब ओढलं तर गुलाचा तोच बिंदू सतत घासला जातो आणि क्लोरेट-गंधक पेटण्याइतका तापू शकतो. फॉस्फरस ही पायरी खाली आणतो, एवढंच. तो नसेल तर बरीच जास्त उष्णता लागते.

विदर्भपुत्र

मी आत्ता सहा काड्या ओढून पाहिल्या. चार तुटल्या, एकही पेटली नाही.

भटका_विनू

लायटर पावसात बिनतक्रार चालतो असं ताईंनी लिहिलंय. थंडीत त्याची खोड कळते. सप्टेंबरअखेरीस आम्ही हिमाचलात लाहौल-स्पितीत चंद्रतालला होतो, ४,२०० मीटरच्या वर. रात्री पाणी गोठलं. पहाटे स्टोव्ह पेटवायला सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातला लायटर काढला. आत द्रव हलताना दिसत होता, पण बटण दाबल्यावर "सूं" आवाजच नाही. काखेत दहा मिनिटं धरला, मग आवाज आला.

त्यातही गंमत अशी की दोन लायटर होते. बटणाच्या ठिणगीवाला आवाज करत होता, ठिणगीही दिसत होती, तरी पेटत नव्हता. चाक फिरवायचा स्वस्तातला लायटर तिसऱ्या झटक्याला पेटला. कारण कुणी सांगेल का?

घड्याळजी_सोलापूर

विनू, पहिल्या अर्ध्याचं उत्तर सोपं. लायटरमधला ब्युटेन शून्याच्या अगदी खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. खोलीच्या उष्णतेत तो बंद टाकीत स्वतःच्या वाफेच्या दाबाने द्रव बनून राहतो. वीस अंशांना आत साधारण दोन वातावरणांचा दाब असतो, बाहेर एक. हा फरकच गॅस बाहेर ढकलतो, पंप वगैरे काही नाही. थंडीत वाफ होणं थांबलं की ढकलणारं कुणी उरत नाही.

बटण दाबलं की काय होतं ते एखादा संपलेला लायटर घेऊन बघा. खटका एका टोकाला दबतो आणि दुसऱ्या टोकाने छोटी नळी जेमतेम केसभर वर उचलतो. नळीखालचं रबर सुटतं. सोडलं की स्प्रिंग नळी परत बसवते आणि आग तिथल्या तिथे संपते. पण रबर उघडल्यावर दोन वातावरणांचा गॅस एकदम सुटला तर ज्वाला भुवया जाळेल. म्हणून वाटेत अडथळा असतो. फेकायच्या लायटरमध्ये सूक्ष्म छिद्रांची प्लास्टिकची चकती, आणि गॅस भरता येणाऱ्यात दाबता येणारी स्पंजासारखी गोळी. कमी-जास्त करायची कळ फिरवता तेव्हा तुम्ही ती गोळी दाबता किंवा सैल करता.

बारकी टाकी आहे म्हणून कमी समजू नका. पाच मिलिलीटर द्रव धरला तर त्याची वाफ साधारण सव्वा लिटर होते.

भटका_विनू

आणि ठिणग्यांचा फरक?

घड्याळजी_सोलापूर

चाकाच्या लायटरमधला खडा म्हणजे सिरियम वगैरे धातू आणि लोखंडाचा मिश्रधातू. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने तो १९०३ मध्ये काढला. चाकाचे दाते त्यातून भुगा खरवडतात आणि तो भुगा हवेत स्वतःच पेटतो. म्हणजे तिथे पन्नासेक जळते कण एकदम गॅसच्या ढगात पसरतात. बटणाच्या ठिणगीला एकच जागा असते. त्या जागी गॅस आणि हवा योग्य प्रमाणात नसतील तर ती वाया जाते.

ठाणेकर_काका

मी थोडी भर घालतो. ब्युटेन हवेत साधारण २ ते ८ टक्के असेल तरच पेटतो. त्याखाली विरळ, त्यावर गॅसच जास्त आणि हवा कमी. उंचीवर हवा विरळ असते आणि थंडीत गॅसही मोजकाच सुटतो. एका बारीक ठिणगीला नेमकी जागा साधणं अवघड जातं, खड्याच्या ठिणग्यांना सापडते. माझा अंदाज हाच आहे, पण विरळ हवेत ठिणगीही कमजोर पडते असं म्हणणारेही आहेत. मी तिथे मोजायला गेलेलो नाही.

घड्याळजी_सोलापूर

या टक्केवारीचा अनुभव मला दुकानात रोज येतो. २०२३ मध्ये वीस रुपयांखालच्या लायटरच्या आयातीवर बंदी आल्यानंतर माझ्याकडे गॅस भरायला आणणारे वाढले. परवा एक काका निळ्या ज्वालेचा जेट लायटर घेऊन आले. "गॅस भरला, ठिणगी येते, पेटत नाही," म्हणाले. कानाशी धरून दाबला तर जोराचा फुस्स आवाज. ठिणगी ठीक, गॅस ठीक.

बहुतेक जण अशा वेळी गॅस वाढवतात. मी कळ पूर्ण कमी केली आणि पहिल्या दाबाला पेटला. जेट लायटरमध्ये गॅस वाटेत बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो आणि मिश्रण होऊनच तोंडाशी येतो. वेग जास्त झाला की हवा पुरत नाही आणि ज्वाला तोंडावर टिकतही नाही, उडून जाते.

त्यांची दुसरी चूक भरण्यात होती. रिकाम्या टाकीत हवा साठते, ती न काढताच त्यांनी वर गॅस भरला होता. हवा दाब दाखवते पण जळत नाही, आणि द्रव गॅससाठी जागाही देत नाही. भरायच्या आधी लायटर उलटा धरून खालची झडप पेचकसाने दाबून सगळं मोकळं करायचं. मग डबाही उलटा, लायटरही उलटा, तीन-चार सेकंद सरळ दाबून धरायचं. काठोकाठ भरायचं नाही, उन्हात द्रव फुगतो. भरल्यावर पाच मिनिटं थांबायचं. लायटर गार पडलेला असतो आणि सांडलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने हातात, टेबलावर रेंगाळतो. तिथे लगेच ठिणगी पाडली तर हात भाजतो. माझा एकदा भाजला आहे.

चकलीचा_सोऱ्या

गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर ठेवला तर चालतं का?

घड्याळजी_सोलापूर

नको. पन्नास अंशांना आतला दाब पाच वातावरणांच्या आसपास जातो. नवा, चांगल्या बनावटीचा लायटर तो सोसतो. तडा गेलेला किंवा काठोकाठ भरलेला सोसेलच असं नाही.

परसातली_जास्वंद

काकांनी सांगितलेली अदलाबदल केली. बाजारातून आणलेली नवी पेटी दोन दिवस हवाबंद डब्यात ठेवली होती.

नवी काडी नव्या पट्टीवर: दहापैकी दहा. जुनी वाळवलेली काडी नव्या पट्टीवर: दहापैकी आठ, उरलेल्या दोनांचं गूल आधीच तडकलं होतं. नवी काडी जुन्या पट्टीवर: दहापैकी एक. जुनी काडी जुन्या पट्टीवर: एकही नाही.

म्हणजे काड्या बिचाऱ्या ठीक होत्या, पट्टी गेली होती. बोट लावलं तर काका म्हणाले तशी चिकट लागली, आणि बोटावर तपकिरी रंग आला. आईला दाखवलं. ती म्हणाली, तिची आजी पावसाळ्याच्या आधी पेटी चुलीवरच्या फळीवर, धुराच्या ऊबेत ठेवायची, तांदळात नव्हे. तांदूळ ही नंतरची सवय.

आता जुन्या काड्या नव्या पट्टीवर संपवते आहे. नवी पेटी झाकणाच्या बरणीत, आत कापडाच्या पुरचुंडीत भाजलेलं मीठ. आज सकाळी समई पहिल्या काडीला लागली.

विदर्भपुत्र

ताई, दहाचा निकाल वाचून पटलं. फॉस्फरस पट्टीवरच. मामांना फोन केला, ते म्हणतात काच तापलेली हवी, दुपारच्या उन्हातली. इथे आज ढग आहेत. ऊन पडलं की पुन्हा ओढून बघतो आणि इथेच लिहितो.